मृदुलाचं उठणं

माझ्या बडोद्यातल्या मांजलपूरच्या घराची खालची खोली मी भाड्याने दिली तेव्हा एकच अट घातली होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मृदुलाने ती मान डोलावून कबूल केली आणि मला वाटलं, पोरगी गरीब गाय आहे. गाय वगैरे काही नव्हती. पण आधी त्या खोलीचं सांगते.

खोली एकच, लांबट. रस्त्याच्या अंगाला दार, समोरच्या टोकाला खिडकी आणि तिथेच एका कोपऱ्यात मोरी नि ओटा. मधोमध एकुलता एक पंखा. त्यात मृदुला, तिचा नवरा विक्रमसिंह आणि सासरे सुभानराव. विक्रमसिंह कारखान्यात पाळीवर जातो. रात्रपाळी असली की दिवसा झोपतो. मृदुला घरूनच एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घेते, गुजराती, हिंदी, मराठी, समोरून येईल त्या भाषेत. तिचं टेबल दारालगत, कारण इंटरनेटचा डबा आणि प्लग तिथेच. सासूबाई गेल्यावर सुभानरावही यांच्याकडेच राहायला आले.

मराठा घराण्यातली माणसं. पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते. फौज गेली, बंदुका गेल्या, पण अदब मात्र घरात ठाण मांडून बसलेली. सासरे समोर आले की सुनेने पदर सावरून उठून उभं राहायचं. मृदुलाला हे माहेरापासून अंगवळणी पडलेलं. ओढणी असली तर ओढणी डोक्यावर, पण उठायचं म्हणजे उठायचंच.

आता बघा, सुभानराव दारातून आत आले की मृदुला उठे. मोरीकडे निघाले की उठे, परत आले की पुन्हा उठे. कानाला हेडफोन, पलीकडे कुणीतरी हप्त्यावरून तणतणतंय आणि ही उभी. एकदा वायर टेबलाच्या कडेला अडकून चालू फोनच कट झाला. वरच्या साहेबाने तिला झापलं. ती कुणाला काही बोलली नाही. सुभानरावांनी मात्र ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी चहा घेऊन फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसायला लागले. जेवायला येत आणि परत बाहेर. मी विचारलं तर म्हणाले, "बाहेर बरं वाटतं, पद्माबेन. हवा लागते." चैत्रातल्या बडोद्याची हवा! भट्टीजवळ बसून कुणी गारवा खातं का?

मृदुलाला वाटलं, त्यांना एकांत नाही म्हणून ते बाहेर जातात. बायका मनात योजना आखतात आणि मग विचारायचं राहूनच जातं, त्यातली ही गत. छतात जुन्या हिंचक्याच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्या होत्या. खिळा ठोकायचाच नाही, तर तिने कड्यांतून दोरी ओढली आणि जाड पडदा थेट छतापासून फरशीपर्यंत सोडला. आत नवराबायकोची खाट, बाहेर सासऱ्यांचा दिवाण. मला बोलावून कौतुकाने दाखवलं. मीही बरं म्हटलं.

झालं काय, तर पंख्याचा वारा पडद्याला आपटून परत फिरायला लागला. रात्रपाळी करून आलेला विक्रमसिंह आत घामाने भिजून निघाला. खिडकीचा उजेड आतच अडला, बाहेर दिवसाढवळ्या दिवा लावावा लागला. आवाज तर पडद्याने थांबतच नाही. आणि सुभानरावांनी पडद्याचा अर्थ आपल्या परीने लावला. घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि आपण भिंतीच्या बाहेर, दारापाशी.

एका दुपारी मी वरून पाहिलं तर ते बाकावर एका अंगाला कलले होते. मी धावत उतरले, डोक्यावर पाणी मारलं, साखरमिठाचं पाणी पाजलं आणि धरून माझ्या घरात आणलं. सावध होताच म्हणाले, "पद्माबेन, पलीकडे समा भागात पुतण्या आहे, जयवंतराव. त्याच्याकडे जाईन म्हणतो. इथे पोरीच्या पोटावर पाय येतो माझ्यामुळे."

"पुतण्या बोलावतोय का?"

ते सदऱ्यावरचं पाणी झटकायला लागले. मी समजले. बोलावत नव्हता.

संध्याकाळी मी मृदुलाला वर बोलावलं आणि तोंड सोडलं. "तुझे सासरे हवेसाठी बाहेर बसत नाहीत. तुझ्या उठण्यासाठी बसतात. तू उठतेस, म्हणून ते येतच नाहीत!"

ती पांढरीफटक पडली. "काकू, मी काय करू? ते दिसले की पाय ऐकतच नाहीत. आबासाहेब बसा म्हणाले तरी नाही बसवत. मी खुर्चीत आणि ते उभे, मला जमायचं नाही." आणि रडायला लागली. "ते गेले तर आमच्या घरात मोठं कोण राहील?"

मला चीड आली होती, ती तिथेच विरली.

पुढचे काही दिवस ती फोनवर बोलता बोलता खोलीत कोण कुठून कुठे जातं ते बघत होती. मग एका सुट्टीच्या दिवशी नवराबायकोने सगळं सामान हलवलं. तिचं म्हणणं साधं होतं. दारातून येणारा माणूस मला दिसायलाच नको. मग दारालगत बसायची जागा झाली. तिथे सुभानरावांचा दिवाण, समोर एक खुर्ची, खाली सतरंजी आणि कोपऱ्यात उभा दिवा. रात्री तिथेच त्यांचं अंथरूण, सकाळी ते दिवाणाच्या पेटीत. दारापासून मोरीपर्यंत एका भिंतीलगत वाट मोकळी. दुसऱ्या भिंतीशी लोखंडी कपाट काटकोनात उभं करून पाठ दाराकडे केली. जड कपाट, खालच्या कप्प्यात भांडी नि धान्य भरलं, ते जागचं हलत नाही. उघड्या पाठीवर जुनी सोलापुरी चादर टांगली. कपाटामागे खिडकीशी तिचं टेबल, तोंड भिंतीकडे, म्हणजे मोरीकडे जाणाराही दिसू नये नि उजेड बाजूने यावा असं, आणि प्लगसाठी भिंतीच्या कडेने लांब वायर. टेबलापलीकडच्या आतल्या कोपऱ्यात खाट. हिंचक्याच्या कड्यांवरून पडदा काढला, दोन उंच खांबांच्या स्टँडवर खाटेपुरता लावला, पंख्याच्या बराच खाली. वरून वारा दोन्हीकडे फिरायला लागला.

मी बघायला गेले. भिंत एकही नाही, पण दारातून आलेल्याला बसायची खोली दिसावी, आतल्याला कामाची, आणि निजलेल्याला निजायची. माझ्याच खोलीला मी पहिल्यांदा पाहिलं म्हणा ना.

सोमवारी सुभानराव बाकावरून आत आले. कपाटामागे मृदुला फोनवर बोलत होती. चप्पल काढल्याचा आवाज झाला आणि मागे खुर्ची करकरली. ती अर्धी उठली होती. सुभानराव तिथूनच म्हणाले, "मला तू दिसत नाहीस, सूनबाई. मग उठतेस कुणासाठी?"

मी दारातच उभी होते. आतून हसू दाबल्याचा आवाज आला, मग पुन्हा तिचं गुजराती बोलणं सुरू झालं. सुभानराव दिवाणावर टेकले, पाय वर घेतले. जेवण झालं तरी ते उठून बाहेर गेले नाहीत. समाचं नावही निघालं नाही.

संध्याकाळी मी पुन्हा खाली डोकावले. काम संपवून मृदुला ओढणी डोक्यावर घेत कपाटाच्या कडेने बाहेर आली, चहाचे कप घेऊन. कप ठेवून नेहमीसारखी उभी राहिली.

"त्या खुर्चीवर कोण बसणार?" सुभानरावांनी समोर बोट दाखवलं. "बसायची जागा केलीस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ओढणी आणखी पुढे ओढली, खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि सासऱ्यांसमोर बसून पहिल्यांदा चहा प्यायली. सुभानराव मान वळवून खिडकीकडे बघत होते, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.