दाढेच्या पुडीतली चौथी गोळी

मुखेडात माझं औषधाचं दुकान आहे. वर घर, खाली दुकान, त्यामुळे रात्री शटर वाजवणाऱ्याला मी कधी नाही म्हटलं नाही. निम्मे लोक दाढेसाठीच येतात. दिवसभर सोसतात, आडवं झालं की ठणका वाढतो, मग रात्री येतात. त्यांच्यासाठी मी पुड्या बांधूनच ठेवायचो. एक दुखण्याची, एक जंतूंची, एक पित्ताची आणि चौथी बारीक पांढरी, स्टेरॉइडची. त्या चौथीनं सूज एका रात्रीत उतरायची, आणि माणूस सकाळी शेतावर जाता जाता हात करायचा. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते, हे मला ठाऊक होतं. पण लोक म्हणायचे, "ह्याच्या हाताला गुण हाय." ते ऐकायला मला आवडायचं.

अशाच एका रात्री वहिनीचा फोन आला. थोरल्या भावाची बायको; त्यांचं घर आमच्यामागच्याच गल्लीत. भाकरीच्या कडक काठावर तिच्या खालच्या दाढेत भरलेली चांदी निघून पडली होती.

"भावजी, लई ठणकून राहिलंय. कानापर्यंत सणक जातीय."

"पुडी पाठवतो. सकाळी दाताच्या डॉक्टरीणबाईकडं जाऊन या."

पुडीनं बरं वाटलं, म्हणून ती गेली नाही. सोयाबीन काढायला बाया ठरवल्या होत्या. दुसऱ्या रात्री तिनं पुन्हा पुडी मागितली, तिसऱ्या रात्रीही. मी दिली. तिला लघवीला रात्रीतून चारदा उठावं लागतं हे ती बोलता बोलता म्हणाली होती. साखर तपासा, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. वर ती तव्यावर फडकं गरम करून गाल शेकत होती. मला माहीत होतं. त्यालाही मी काही म्हटलं नाही.

चौथ्या रात्री अण्णा, म्हणजे भाऊ, स्वतः दारात उभा राहिला. "चल लवकर. तिला बोलता येईना."

वहिनी पलंगाच्या काठावर पुढं वाकून बसली होती. हनुवटीखालचा भाग दगडासारखा टणक, ओठांतून लाळ गळत होती. आम्हा लिंगायतांत इष्टलिंग गळ्यात असतं, जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत. त्याचा दोरा सुजेत रुतून दिसेनासा झाला होता. ती काहीतरी म्हणाली. तोंडात कढत घास असल्यासारखा आवाज, एक शब्द कळला नाही.

मी दुकानासमोरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. झोपेतून उठल्या आणि लगेच विचारू लागल्या.

"तोंडात दोन बोटं मावतात का?"

"एकसुद्धा मावत नाही."

"थुंकी गिळता येते? ताप? जीभ वर उचललीय का? श्वासाला घरघर आहे?"

सगळ्याची उत्तरं वाईट होती.

"काका, हे आता दाढेचं राहिलं नाही. सूज गळ्यात उतरलीय, श्वास बंद होऊ शकतो. एकशेआठला फोन करा. आडवं झोपवू नका, बसूनच ठेवा. पाण्याचा थेंब देऊ नका, शेक तर अजिबात नाही. आणि गोळ्या कोणत्या दिल्या होत्या?"

अण्णा शेजारीच उभा होता. मी तीन नावं सांगितली. चौथं नाही.

गाडी आली. इथल्या सरकारी दवाखान्यात सलाईन आणि ऑक्सिजन लावून त्यांनी लगेच नांदेडला पाठवलं. कंधार, लोहा... त्या रस्त्याचे खड्डे मला पाठ आहेत, पण त्या रात्री ते संपतच नव्हते. वहिनी माझ्या खांद्याला टेकून बसलेली. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येई, आणि तो थांबला की माझाही श्वास थांबे. अण्णा समोरून पुटपुटत होता, "शिवा, शिवा." मधेच म्हणाला, "तू हायस म्हणून धीर हाय बघ." मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीही दिसत नव्हतं.

नांदेडात आत नेताना परिचारिका म्हणाली, "गळ्यातलं काढा, चीर द्यावी लागेल." वहिनीनं दोन्ही हातांनी गळा धरला. बोलता येत नव्हतं, पण मान हलवत होती, नाही, नाही. शेवटी अण्णानं दोरा कापला आणि लिंगाची पिशवी तिच्या मनगटाला बांधली. तेव्हा तिनं हात सोडले.

एक डॉक्टर बाहेर आले. "साखर चारशेच्या वर आहे. मधुमेह आहे का?"

"न्हाई बा," अण्णा म्हणाला.

"पुडीत काय काय होतं? मला सगळं कळायला पाहिजे. सूज दबत दबत आत पसरल्यासारखी वाटतेय."

मी म्हणालो, "अण्णा, तू केसपेपरचं बघ. तिकडं रांग हाय."

तो गेला. रांगेत दोनच माणसं होती. मग मी साखर चढवणाऱ्या, आतलं दुखणं झाकणाऱ्या त्या चौथ्या गोळीचं नाव सांगितलं, तीन दिवस दिली हेही सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर लिहिलं आणि आत पळाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

गळ्यावर बाहेरून चीर देऊन पू काढला, दाढ काढली, श्वासासाठी नळी घातली, साखरेला इन्शुलिन चालू केलं. उजाडेपर्यंत मी त्या दारासमोरून हललो नाही. नऊ दिवसांनी ती बाहेरच्या खाटेवर आली. पहिलं वाक्य घोगऱ्या आवाजात: "भावजींनी वेळेवर गाडी बोलावली म्हणून वाचले." अण्णानं ते गावभर सांगितलं. चार वर्षं लोक माझं कौतुक करत राहिले आणि मी मान खाली घालून ऐकत राहिलो. त्यांना तो माझा विनय वाटला.

पुड्या बांधणं मी त्याच आठवड्यात सोडलं. आता शटर वाजलं तर आधी विचारतो: सूज आहे का, तोंड उघडतं का, गिळता येतं का, ताप आहे का. यातलं काही असलं तर गोळी नाही, थेट मोठा दवाखाना. काही महिन्यांपूर्वी एक गुरुजी आले, दाढेवरची निघालेली टोपी, म्हणजे कॅप, रुमालात गुंडाळून.

"झटपट चिकटणारा डिंक द्या. बुटाला चालतो तो दाढेला न्हाई का चालत?"

"गुरुजी, बूट तुम्ही गिळत नाही."

टोपी डबीत ठेवायला लावली. रात्री तशीच बसवून झोपलात तर घशात जाईल, म्हटलं. कोमट मिठाच्या पाण्यानं हलक्या चुळा, त्या बाजूनं चावायचं नाही, उशी उंच, दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल पाकिटावर लिहिलीय तेवढीच, आणि गोळी हिरडीवर दाबून ठेवायची नाही. सकाळी डॉक्टरीणबाई.

"तुम्ही पूर्वी पुडी द्यायचात, तीच बरी होती," गुरुजी कुरकुरले.

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाच्या घरी गेलो. अण्णा ओसरीवर होता, वहिनी शेंगा निवडत होती. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चौथी गोळी, फोनवरचं खोटं, दोन माणसांची रांग.

अण्णा उठला, चपला घातल्या आणि शेताकडं निघून गेला. अजून माझ्याशी बोलत नाही.

वहिनीनं पदर मानेवरून थोडा बाजूला केला, व्रणावरून बोट फिरवलं.

"मी मेले असते, तर सांगितलं असतं का हो?"

मला खरं उत्तर माहीत होतं. तेच दिलं. "नाही."

तिच्या साखरेच्या गोळ्या अजून माझ्याच दुकानातून जातात. ती स्वतः येते. काउंटरवर पाकिटाची मागची बाजू माझ्यासमोर धरते, अक्षर अन् अक्षर मला मोठ्यानं वाचायला लावते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहते. मग पिशवीत टाकते. मी वाचतो. मागं गिऱ्हाईक उभं असलं तरी वाचतो.