दिशा घेतल्यानंतर

आमच्या शास्त्री नगरातल्या शाळेत प्राचार्य पत्र लिहीत तेव्हा त्यात माहिती नसे, भावना असत. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून नवऱ्याच्या बदलीबरोबर मी जयपूरला आले होते. शाळेने मला आठवड्यातून तीन दिवस पत्रव्यवहार तपासायला ठेवले होते. काम सोपे होते. विशेषणे काढली की बहुतेक पत्रे संपत.

खो-खोच्या संघातून नववीतल्या एका मुलीला वगळायचे होते. मुलगी मराठी, वडील विमा कंपनीत अधिकारी. प्राचार्यांचा मसुदा असा: संघात स्थान मिळू न शकल्याने निराश होऊ नये, प्रत्येक अपयश ही संधी असते, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. का वगळले, याचा एक शब्द नाही. मुलीने हे वाचून सोमवारी मैदानावर काय करायचे, तेही नाही. घरी तर ठरलेच होते: संघ सुटला की संध्याकाळी गोपालपुऱ्यात कोचिंग.

मी क्रीडाशिक्षिकेला विचारले, "हुआ क्या था?"

"दीदी, भागती कमाल है. पकडने में गडबड है. दिशा ले लेती है, फिर मुड जाती है."

खो-खोत पाठलाग करणारीने एका खांबाकडे दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. फिरली की फाउल. खो द्यायचा तो बसलेल्या खेळाडूच्या पाठीमागून, स्पर्श आणि आवाज एकाच वेळी. ही मुलगी ओरडायची आधी, हात लावायची नंतर. दोन सराव सामन्यांत तिच्या फाउलमुळे पकडीत आलेल्या धावपटू निसटल्या होत्या.

हे ती शिकली मराठी मंडळाच्या गणपतीतल्या स्पर्धेत. तिथे पंच म्हणजे कोणाचे तरी काका. मुले हिरमुसू नयेत म्हणून ते शिट्टी वाजवत नसत, आणि बक्षीस मात्र दरवर्षी देत. त्या बक्षिसांच्या जोरावर हे घर स्वतःला खो-खोचे घराणे समजत होते.

आम्ही दोघींनी पत्र नव्याने लिहिले. आधी निर्णय: या वेळच्या संघात तू नाहीस. मग कारण: कुठले फाउल, कुठल्या सामन्यांत. बचावातली तिची चपळाई एका वाक्यात, कारण ती खरी होती. नंतर वाट: सकाळचा सराव बंद नाही. रोज दिशा न मोडता खांब ते खांब पाठलाग करायचा, स्पर्श-आवाजाचा सराव जोडीदारासोबत. दर शनिवारी क्रीडाशिक्षिका बाई तुझ्यासोबत बसून काय सुधारले ते सांगतील. जिल्ह्याला नावे पाठवण्याआधी पुन्हा चाचणी होईल. तिथे ती फक्त पाठलाग करेल, आणि बाहेरच्या शाळेचे एक प्रशिक्षकही बघतील. जागेची हमी नाही. शंका असेल तर बाईंना विचार.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, थोड़ा रूखा नहीं है?"

"शुभेच्छांनी फाउल थांबत नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी सही केली, तीही वडिलांचा हुद्दा विचारल्यानंतर.

वडील दुसऱ्या दिवशी हजर. मी मराठी आहे हे कळल्यावर माझ्याच टेबलाशी आले. "ताई, हे काय? खो-खो आपला खेळ. हे भैयालोक आपल्या पोरीला शिकवणार, मतलब?"

"नियम सगळ्यांना एकच आहेत."

"एक साधं पत्र द्या ना. तब्येतीचं कारण घाला. मंडळात काय सांगू मी?"

म्हणजे मुलीला आजारी ठरवायला ते तयार होते, तिच्याकडून चूक झाली असे म्हणायला नाही. विमा कंपनीतल्या माणसाने खोटे आजारपण मागावे, यात मला नवल वाटले नाही. बाजूलाच उभे असलेले प्राचार्य मात्र लगेच वाकले. "बदल देते हैं," म्हणाले.

मुलगी दारात उभी होती. हातात पत्र. "काकू, शनिवारी बाई किती वाजता बसतात?"

वडिलांनी तिला गप्प केले. तिने पत्राची घडी घातली आणि दप्तरात ठेवली. जुने पत्र परत घेतल्याशिवाय नवे देता येत नव्हते आणि ती ते देईना, म्हणून प्राचार्यांचे वाकणे कागदावर आलेच नाही.

ती सरावाला यायला लागली. पहिले काही दिवस ती खांबाआधी वळायची आणि शिट्टी वाजायची. ती चिडायची, परत जागेवर जायची. चाचणीच्या दिवशी वडील गाडी घेऊन कुंपणाशी थांबले होते, फोनवर चित्रीकरण करत. पाठलागात एक खो तिने उशिरा दिला. दिशा मात्र एकदाही मोडली नाही. बाई आणि बाहेरच्या शाळेचे प्रशिक्षक बाजूला जाऊन बोलले.

"रिज़र्व में लूँगी," बाई तिला म्हणाल्या. "खो अभी भी लेट है. कल सुबह आना."

वडील पुढे आले. "रिझर्व्ह म्हणजे खेळणार ना ही? मी मंडळाच्या ग्रुपवर काय टाकू?"

"पप्पा," मुलगी म्हणाली, "तुम्ही गाडीत बसा. मला बाईंना अजून विचारायचंय."