पन्नास ओहमचा विसर

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवीन फंक्शन जनरेटर, म्हणजे हव्या तशा विजेच्या लहरी देणारं यंत्र, आला तो माझ्या हट्टापायी. सहकारी मॅडम म्हणत होत्या, स्वस्तातलं नको. मी म्हटलं, मी बघतो. परत करायची मुदत संपायच्या दिवशी मी बघायला बसलो, हा माझा उरक.

पाच व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे लहरीच्या तळापासून माथ्यापर्यंत, एक किलोहर्ट्झ, साइन असं लावलं आणि वायर लहर पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला जोडली. स्कोपवर दहा व्होल्ट! जनरेटरच्या पुस्तिकेत दावा जास्तीत जास्त एक टक्का चुकीचा, आणि हे चक्क दुप्पट. माझं डोकंच फिरलं. तिथूनच इंदिरानगरच्या विक्रेत्याला फोन लावला आणि आकडा दुप्पट येतो म्हणून सगळ्यांसमोर झाडला. तो नुसता ‘हो सर, घेऊन जातो’ म्हणाला. मला आणखीच चेव आला.

फोन ठेवल्यावर मॅडमनी विचारलं, “सर, टोकाला पन्नास ओहमचा रोध लावलाय ना?”

लावला नव्हता. जनरेटरच्या पोटात पन्नास ओहमचा रोध असतो. बाहेरही तेवढाच जोडलाय असं धरून तो आकडा दाखवतो. स्कोपचा रोध दहा लाख ओहम, म्हणजे जवळजवळ काहीच न जोडल्यासारखं, म्हणून दुप्पट. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवतो, तेही जरा ऐटीतच.

पन्नास ओहम लावला. फ्रिक्वेन्सी नीट बसली, तिचा दावा तपासण्याइतकं स्कोपचं घड्याळ चांगलं होतं. व्होल्टेज मात्र ५.०८. दीड टक्क्याहून जास्त! मी पुन्हा ‘नापास’ म्हणणार, तेवढ्यात स्कोपच्या पुस्तिकेवर नजर गेली. लहरीची उंची, म्हणजे व्होल्टेज, मोजण्यात त्याचीच चूक तीन टक्क्यांपर्यंत. ज्याची स्वतःचीच खात्री नाही, तो दुसऱ्याला काय पास-नापास करणार? तो स्कोपही माझ्याच हट्टाने आलेला.

शेवटी मॅडमकडे त्यांचं मल्टिमीटर मागितलं. नुकतंच कॅलिब्रेट करून, म्हणजे अचूकता तपासून आलेलं, या फ्रिक्वेन्सीला अर्ध्या टक्क्यापर्यंत अचूक. मागताना नुसतं चोरट्यासारखं झालं. पाच व्होल्ट पीक-टू-पीकचे मीटरच्या भाषेत, म्हणजे आरएमएसमध्ये, १.७६८ यायला हवेत, आले १.७६५. मीटरची चूक दोन्हीकडे धरली तरी दाव्यात बसत होतं. जनरेटर चांगला होता. मला हायसं वाटलं, पण आता विक्रेत्याला पुन्हा फोन करायचा होता.

“परत न्यायला येऊ नका,” मी म्हटलं, “चूक माझी होती. पन्नास ओहम लावायचा राहिला.”

तो म्हणाला, “सर, मला तेव्हाच वाटलं होतं. पण मी ते तुमच्याच वर्गात शिकलो ना. तुम्ही एवढे चिडलात, म्हटलं आपणच चुकीचं लिहून घेतलं असणार.”