मेलबर्नचा सोमवार

भाचीचं उष्टावण वॉलॉंगॉंगला, बहिणीच्या गावी ठरलं आणि मी महिनाभर आधीपासून मेलबर्नच्या ऑफिसात भाव खात फिरू लागलो. पहिला घास मामानं भरवायचा, आणि मामा एकुलता एक. जावईबापूंची शनिवार-रविवार स्टीलवर्क्समध्ये शिफ्ट, म्हणून बहिणीनं सोमवार धरला. अँझॅक डे यंदा शनिवारी येत होता, त्यामुळे सोमवारी सुट्टी.

"रजा टाकलीस का?" बायकोनं विचारलं.

"पब्लिक हॉलिडेला रजा? गेल्या वर्षी जानेवारीतली सुट्टी रविवारी आली होती, तेव्हा सोमवार मिळालाच होता ना!"

आमच्या सपोर्ट डेस्कवर एका दिवशी एकालाच रजा मिळते. शेजारच्या टेबलावरच्या नागपूरच्या मित्राला मी रोज जेवताना मामाची कर्तव्यं समजावत होतो. खिरीत केशर किती घालायचं इथपर्यंत. तो मन लावून ऐकायचा. माझ्या डब्यातली भाजीही खायचा.

आदल्या आठवड्यात रोस्टर लागलं. सोमवारी माझी शिफ्ट! मी तरातरा पेरोलच्या बाईंकडे गेलो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मेट, हे व्हिक्टोरिया आहे. विकेंडनं कामगाराची हक्काची सुट्टी गिळू नये म्हणून काही सुट्ट्यांना बदली सोमवार देतात. पण अँझॅक डे म्हणजे शहीद सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, तो तारखेलाच पाळायचा. शनिवारी आला तर आपल्याकडे सोमवार नाही. तिकडे तुझ्या बहिणीच्या न्यू साउथ वेल्सनं यंदा जादा दिलाय. ज्याचं त्याचं राज्य."

"मग मला रजा द्या."

"ती गेली. तुझ्या शेजाऱ्यानं केव्हाच घेतली."

मी परत टेबलाशी आलो. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि महिनाभर खीर ऐकत बसलास?"

"अबे, तू इतका खुशीत होतास, म्हटलं कशाला मूड घालवू? आणि आमचं लॉर्नच्या बीचवरचं बुकिंग झालं होतं. नॉन-रिफंडेबल."

माझ्या मूडची त्याची काळजी पाहून माझे डोळे भरून यायचे तेवढे राहिले. साहेबांकडे गेलो, तर "सॉरी मेट."

बहिणीला फोन केला. ती हळूच म्हणाली, "दादा, हॉल घेतलाय, माणसं बोलावलीत. आता कशी पुढे ढकलू?" माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी लंच ब्रेकला पॅन्ट्रीत उभा राहून व्हिडिओ कॉल लावला. भाची परकरपोलक्यात, आणि समोर चांदीची वाटी घेऊन बहिणीच्या शेजारचे तेलुगू गृहस्थ, खास आयात केलेले मामा. त्यांचा चमचा सांडणार, पोरगी भोकाड पसरणार, अशी मला अगदी पापी आशा होती.

तिनं घास गिळला, बोळकं पसरून त्यांच्याकडे हसली आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.


"मामाला बाय कर," बहीण म्हणाली. भाचीनं त्यांना केलं.