प्रेमानंदजींचं वेगळं लॉगिन

इतवारीच्या बाजारातल्या चार-पाच दुकानांत प्रेमानंदजी मेश्राम यांना थेट गल्ल्यामागे जाऊन बसायची मुभा होती. आयुष्यभराची कमाई कोणती असं कुणी विचारलं असतं, तर त्यांनी हीच सांगितली असती. वडील गिरणीत होते. प्रेमानंदजींनी दिवसा एका आडत्याकडे कारकुनी करत रात्रीच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि पुढे इंदोरा वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून दुकानदारांचे हिशेब लिहायला घेतले. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आले. दुकानदारांनी पूर्वी जशा कपाटाच्या चाव्या हवाली केल्या होत्या, तसेच आता पासवर्ड सांगून टाकले.

म्हणून सोनिकाचा ईमेल वाचून त्यांच्या हातातला चहा निवला.

सोनिका ही देवराव वैरागडे यांची मुलगी. देवरावजी मूळचे भिवापूरचे, मिरचीचे घाऊक व्यापारी. वर्षभरापूर्वी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी दुकान मुलीच्या नावावर केलं. तिने मजकूर नीट मराठीत लिहिला होता.

‘नमस्कार काका, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या नावाचं वेगळं खातं केलं आहे. सोबतच्या लिंकवर जाऊन स्वतःचा पासवर्ड ठेवा, तो मलाही सांगू नका. विक्री, खरेदी आणि जीएसटीचे अहवाल तुम्हाला दिसतील. बिल बदलणं, रद्द करणं किंवा सेटिंग तेवढं करता येणार नाही. बाबांच्या खात्याचा पासवर्ड बदलला आहे. तो यापुढे कुणालाच दिला जाणार नाही, तेव्हा कृपया मागू नये.’

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मागू नये. जणू ते दारात हात पसरून उभे होते. ही पोरगी शाळेचं दप्तर घेऊन दुकानात यायची आणि त्यांच्याकडून टक्केवारीची गणितं सोडवून घ्यायची. फोन करून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण रुसून बसायला सवड नव्हती. अकरा तारखेच्या आत विक्रीचं रिटर्न भरायचं होतं. त्यांनी लिंक उघडली, तर तिची मुदत संपलेली. सोनिकाला मेसेज टाकून नवी मागवली. ती यायला दुपार झाली. खातं उघडलं, पासवर्ड ठेवला, अहवाल काढला, आणि विक्रीचा आकडा बघून ते बुचकळ्यात पडले. गेल्या महिन्यात रामटेकच्या एका गिऱ्हाइकाने ओलसर निघाली म्हणून मिरचीची पोती परत केली होती, हे त्यांना ठाऊक होतं. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट निघते आणि तेवढी रक्कम विक्रीतून वजा होते. इथे क्रेडिट नोटा कुठे दिसतच नव्हत्या. बरं, निदान बाकीची फाइल तरी उतरवून घ्यावी म्हटलं, तर फाइल काढायचं बटणच फिकट पडलेलं. दाबलं की परवानगी नाही.

सोनिकाला फोन लावला. ती कळमन्याच्या बाजारात माल बघत होती, मागून हमालांचा गलका ऐकू येत होता. संध्याकाळी बघते, म्हणाली. संध्याकाळी तिने सॉफ्टवेअरने अकाउंटंटसाठी ठरवलेली ‘भूमिका’, म्हणजे परवानग्यांची तयार यादीच आपण निवडली आहे, त्यात सगळं असायला हवं, असं सांगितलं. नाही आहे, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा बघा, ती म्हणाली. त्यांनी पुन्हा बघितलं. बटण फिकटच होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. बायको सरिता जेवायला हाका मारून थकली.

त्यात देवरावजींचा फोन आला. घरात मुलीची धुसफूस त्यांच्या कानावर गेली असावी.

“काहून एवढा ताप करून घेऊन राहिला गा प्रेमानंद? पोरीनं नवा पासवर्ड मले सांगून ठेवला आहे. घे लिहून आन् मोकळा हो.”

नको म्हणायला हवं होतं. पण दोन दिवसांचा वैताग डोक्यात भरला होता, आणि मागितलेलं नाही, समोरून मिळतं आहे, अशी मनाची समजूत घालून त्यांनी तो लिहून घेतला. देवरावजींच्या नावाने पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळ आली, की नव्या कॉम्प्युटरवरून कुणी शिरतं आहे म्हणून मालकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मोबाइल सोनिकाचा होता.

पाचच मिनिटांत तिचा फोन.

“काका, ओटीपी आला. तुम्ही आहे का?”

“मीच आहो.”

तिने ओटीपी काही सांगितला नाही. दुकानात येता का, एवढंच विचारलं.

इतवारीतल्या त्या दुकानात नवख्या माणसाला शिंका आवरत नाहीत. प्रेमानंदजी गेले ते गल्ल्यामागे न जाता बाहेरच्या खुर्चीवर बसले. सोनिकाने ते पाहिलं, पण आग्रह केला नाही. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून तिने नोंदी दाखवल्या. दिवाळीच्या सुमारास रोखीची कितीतरी बिलं माल गेल्यावर रद्द झाली होती, म्हणजे पैसे कुणाच्या तरी खिशात गेले होते, आणि रद्द करणाऱ्याचं नाव प्रत्येक ठिकाणी देवराव वैरागडे. काउंटरवरचे दोघं, तिचा चुलतभाऊ, प्रेमानंदजी, सगळेच त्या एका नावाने आत शिरत. काम कुणाचं ते अजूनही कळलं नव्हतं. कळणारही नव्हतं.

“मले बाबांनाच विचारावं लागलं काका, की हे तुम्ही केलं का. ते दोन दिवस जेवले नाही.”

प्रेमानंदजींनी पडद्यावरून नजर काढली नाही. “माह्यावरही शंका आली होती का?”

“आली होती,” ती म्हणाली. “पासवर्ड तुमच्यापाशीही होता ना. मी नाही म्हटलं तर ते खोटं होईल.”

त्यांना वाटलं, तिने खोटं बोलायला हवं होतं. वीस वर्षं या दुकानाचा चहा घेतलेल्या माणसासाठी एवढं तरी. पण ती आधीच भूमिकेच्या सेटिंगमध्ये शिरून एकेक चौकट बघत होती. क्रेडिट नोटा पाहण्याची चौकट रिकामी होती, फाइल उतरवण्याचीही. तयार भूमिका घेतली खरी, आत उघडून बघितलीच नव्हती. तेवढ्या दोनवर तिने खूण केली. ही चूक माझी, म्हणाली. नंतर त्यांच्यासमोरच जुन्या खात्याचा पासवर्ड पुन्हा बदलला आणि आता तो बाबांनाही सांगणार नाही, त्यांना फक्त बघण्यापुरतं खातं देते, असं पुटपुटली.

प्रेमानंदजींनी तिथेच आपल्या नावाने लॉगिन केलं. पोती वजा झालेली दिसली, आकडा जुळला. फाइल उतरली. ती पोर्टलवर चढवून रिटर्न भरलं. त्याचा ओटीपी सोनिकाने वाचून दाखवला, तो नेहमी मालकालाच येतो. काम झालं, पण निघताना हलकं वाटलं नाही.

घरी सरिताने सगळं ऐकून घेतलं. बेसा भागातल्या नत्थूजींचाही पासवर्ड तुमच्यापाशी आहे, उद्या त्यांच्या दुकानात असं काही झालं तर ते तुम्ही केलं नाही हे कशावरून दाखवाल, असं तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून रंगविक्रेत्या नत्थूजींना फोन केला. माझ्यासाठी वेगळं खातं करा, तुमचा पासवर्ड बदला आणि मला सांगू नका, असं शक्य तितक्या शांतपणे समजावलं.

“काहून गा, काय झालं?” नत्थूजी दुखावल्या आवाजात म्हणाले. “आमच्यावर भरोसा नाही राहिला का आता?”

तसं नाही, असं म्हणून प्रेमानंदजी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, पण नत्थूजींकडे गिऱ्हाईक आलं होतं. तुमच्यापासून काय लपवायचं, जुनाच पासवर्ड चालू द्या, असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.