उलटं शिकलेली काठी

पनवेलच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला मला आणि माझ्या सुकापूरच्या मैत्रिणीला प्रॅक्टिकल होतं: स्क्रीनवरची गाडी डावी-उजवीकडे हलवून तिच्यावर काठी तोलायला प्रोग्रॅमला शिकवायचं. काठी जितकी टिकेल तितके गुण. तिने घेतलेल्या पद्धतीचं, डीप क्यू-नेटवर्कचं, काम असं: प्रत्येक हालचालीचे पुढचे गुण अंदाजायचे आणि सगळ्यात मोठ्या अंदाजाची हालचाल निवडायची. माझ्या पद्धतीने, पॉलिसी ग्रेडियंटने, जास्त गुण देणाऱ्या हालचालींची शक्यता वाढवायची होती. तिची काठी टिकू लागली. माझी मात्र सरावागणिक लवकर पडायला लागली. मी रडकुंडीला आले.

“अगं, शिकतेय की ती,” मैत्रीण म्हणाली, “फक्त उलटं.”

लॉसमधलं, म्हणजे प्रोग्रॅम जो आकडा कमी करत जातो त्या सूत्रातलं, गुणांपुढचं उणे चिन्ह मी विसरले होते, म्हणून प्रोग्रॅम गुणच कमी करत होता. चिन्ह घालून पहिल्यापासून शिकवलं. संध्याकाळपर्यंत काठी डुलत का होईना, उभी राहिली.