मुभा नव्हे, हक्क

ऐंशीच्या दशकात मी पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात पर्सोनेलचं काम पाहत होते. कामगारांचे स्थायी आदेश, म्हणजे कामावर कसं वागायचं आणि तक्रार कुठे करायची याचे नियम, इंग्रजीत मंजूर होऊन आले. फाटकाजवळच्या फळ्यावर लावायची मराठी प्रत माझ्या गळ्यात पडली.

मॅनेजरांशी माझं वाजलं ते तक्रारीच्या कलमावरून. तक्रारीची चौकशी मॅनेजरांनी स्वतः करावी आणि त्या वेळी कामगाराला हजर राहण्याचा हक्क राहील, असं मी लिहिलं.

"मुभा लिहा हो. हक्क जरा टोचतो."

मी म्हटलं, "मुभा देणारा ती काढूनही घेतो. मंजूर मसुद्यात हक्कच आहे."

वरिष्ठाविरुद्ध तक्रार असेल तर अंतिम आदेशाची प्रत तक्रारदाराला मिळेल, हे वाक्य ते जागा पुरत नाही म्हणून गाळायला निघाले होते. मी टायपिस्टकडून ओळी दाटीवाटीनं बसवून घेतल्या. हट्टी म्हणून माझी ख्याती होतीच.

जवळच्या माण गावचे एक वयस्क मुकादम प्रत वाचायला आले. निम्मे कामगार त्यांनीच गावातून आणलेले.

"ह्यात मुकादम कुटं हाय?"

"तक्रार मॅनेजरांकडे, नाहीतर त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. त्यात भर घालायचा मला अधिकार नाही."

"घालू नका. आमची मान्सं आदी माज्याकडंच येनार."

मी हसले. माझा कागदावर फार विश्वास होता.

पुढे सुपरवायझरनं मुकादमांच्याच गावच्या एका कामगाराला सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली. मला ते कळलं, तो राजीनामा घेऊन समोर उभा राहिला तेव्हा. कामात चांगला होता, जावा असं कुणालाच वाटत नव्हतं. मी कलम वाचून दाखवलं. अजून तक्रार करता येईल, मॅनेजरांना स्वतः चौकशी करावीच लागेल, तुला समोर बसायचा हक्क आहे, असं परोपरीनं सांगितलं.

"वाचलंय मी फळ्यावर. पन मुकादम म्हनले, मी हाय ना, मिटवतो. आन् मिटवलं."

"मग राजीनामा कशाला?"

"आता वर गेलो तर त्यांचा शब्द खाली पडंल. गावात ऱ्हायाचंय मला. आन् हितं त्या मानसाच्या तोंडाकडं बगून काम न्हाई व्हत."

"मिटवलं म्हणजे काय केलं? सुपरवायझरनं माफी मागितली?"

"मुकादमांना च्या पाजला. मला कुनी बोलिवलं न्हाई, बाई. शिवी मला दिली व्हती."

मी राजीनामा घेतला. बाहेर जाताना तो फळ्यापाशी क्षणभर थांबला नि चालू लागला. समोर बसण्याचा हक्क मी त्याच्यासाठीच भांडून ठेवला होता, आणि त्याला समोर कुणी बसवलंच नाही. याची हळहळ मला आजही वाटते.